५० लाख मागायचेत, १०% द्यायचेत: व्हॅल्युएशन आणि पैशाचा वापर प्रपोजलमध्ये नेमका कसा मांडायचा?

चाळवाला
नमस्कार मंडळी. मी निफाडचा, ऑफिस म्हणजे नाशिकच्या अंबडला एका मित्राच्या वर्कशॉपच्या माडीवर दीड खोली. आम्ही दोघं मिळून कांदाचाळीत बसवायचं एक यंत्र बनवतो. चाळ भरताना तिच्या पोटात दांडा ठेवायचा, त्यात तापमान, ओल आणि कांदा सडायला लागला की जो गॅस सुटतो त्याचे सेन्सर, आणि कुठल्या कप्प्यात गडबड आहे ते शेतकऱ्याच्या फोनवर मेसेजने जातं. वास नाकाला यायच्या आत कळलं तर तेवढा कप्पा उपसून बाकीचा माल वाचतो. मागच्या सीझनला ४० यंत्रं बसवली, त्यातली ३१ भाड्याने, यंत्रामागे महिना ५०० रुपये, उरलेली ९ पाहुण्यारावळ्यांकडे फुकट.

आता ५० लाख उभे करायचेत. गंगापूर रोडला एका हॉटेलात एका गुंतवणूकदाराला भेटलो, सोबत एक पानी प्रपोजल नेलं होतं, त्यात लिहिलं होतं "व्हॅल्युएशन ५ कोटी, मागणी ५० लाख, बदल्यात १०% इक्विटी". त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, पाच कोटी प्री का पोस्ट? मी म्हणालो, हो.

पार्टनर माझ्याकडे बघतच राहिला. ते गृहस्थ हसले, चहा पाजला आणि म्हणाले पंधरा दिवसांनी नीट लिहून पाठवा.

पैशाच्या वापराचं म्हणाल तर गोल चार्ट काढला होता, मार्केटिंग ४०, टेक्नॉलॉजी ३०, टीम २०, इतर १०. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, नुसतं बोट ठेवलं आणि पान उलटलं. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, १०,००० शेअर, माझे ५,०००, पार्टनरचे ३,०००, मामाचे २,००० (सुरुवातीला त्यानेच ५ लाख दिले होते). तर हे नेमकं कसं लिहायचं?

मिसळ_विथ_दही
"प्री का पोस्ट?" "हो." 😂😂 भावा, हे मी फ्रेम करून लावणार

हिशोबी_माणूस
एवढं काय त्यात. ५० लाख भागिले ५ कोटी, १० टक्के. बरोबरच लिहिलंय की. प्री पोस्ट हे सगळं पुण्या-मुंबईच्या लोकांनी गोंधळ घालायला काढलेलं आहे. आकडा विक्रीच्या पटीत काढायचा, वर्षाची विक्री गुणिले दहा, झालं व्हॅल्युएशन.

टिळकवाडीची_सीए
हिशोबी, भागाकार बरोबर आहे पण त्या भागाकारातच तुम्ही "पोस्ट" धरून बसलायत. ५ कोटी हा पैसे आल्यानंतरचा भाव असेल तरच ५० लाखांचे १० टक्के होतात, म्हणजे आत्ताची कंपनी साडेचार कोटींची. आणि ५ कोटी आत्ताचा भाव असेल तर पैसे आल्यावर साडेपाच कोटी, त्यात ५० लाख म्हणजे ९ टक्क्यांच्या जरा वर. चाळवाला, तुमच्या पानावरचे तिन्ही आकडे एकत्र फक्त पोस्टमध्येच बसतात. समोरच्याला ते माहीत होतंच, तुम्हाला माहीत आहे का एवढंच बघायचं होतं त्यांना.

आता हे शेअरमध्ये करून बघा, टक्क्यांत विचार केला की चुकतं. तुमचे १०,००० शेअर आहेत तसेच राहतात, गुंतवणूकदाराला कंपनी नवे शेअर काढून देते. पैसे आल्यावर जुने १०,००० हे ९०% व्हायला हवेत, म्हणजे एकूण ११,१११, नवे १,१११. भाव शेअरला ४,५०० रुपये. तुम्ही ४५ टक्क्यांवर येता, पार्टनर २७, मामा १८. प्रपोजलमध्ये पैसे यायच्या आधीचं आणि नंतरचं असं हे कोष्टक टाका, "प्री मनी साडेचार कोटी" हे शब्दांत लिहा, तो प्रश्न परत कुणी विचारणार नाही.

आणि विक्रीच्या दहापटीचं म्हणाल तर ३१ यंत्रं, महिना ५००, सहा महिने. करा गुणाकार.

हिशोबी_माणूस
९३ हजार. दहापट ९ लाख ३० हजार. 🙈 ठीके ठीके.

द्राक्षबाग_पिंपळगाव
दादा, एवढा खटाटोप करण्यापेक्षा कांदाचाळीला अनुदान मिळतं ना, कृषी खात्यात अर्ज टाका. आमच्या चुलत्याने टाकला होता, चाळ झाली पण अनुदान यायला वर्ष गेलं. ५० लाखाला व्याज किती लावतोय तो माणूस?

चाळवाला
@द्राक्षबाग, भाऊ, चाळ नाही बांधत आम्ही, चाळीतलं यंत्र बनवतो. आणि हे कर्ज नाही, व्याज नसतं, त्या बदल्यात कंपनीत हिस्सा द्यायचा.

द्राक्षबाग_पिंपळगाव
मग मामाचे २० टक्के आहेत ना, त्यातलेच अर्धे द्या त्याला. मामाने ५ लाखच तर दिलेत.

टिळकवाडीची_सीए
तसं केलं तर मामांनी आपले शेअर विकले असं होईल, पैसे मामांच्या खात्यात जातील, कंपनीच्या तिजोरीत एक रुपया नाही. यंत्रं कशाने बनवणार? कंपनीत पैसा यायचा तर नवेच शेअर काढावे लागतात.

पण तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. रोज काम न करणाऱ्या माणसाकडे २०% हे गुंतवणूकदार बघतोच. त्यावर नंतर येते.

अंबडकर
मी कारखानदार आहे, गेल्या काही वर्षांत दोन पोरांच्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे टाकलेत, एकात बुडले, एकात अजून अडकलेत. तर टेबलाच्या पलीकडून सांगतो.

व्हॅल्युएशन कसं आलं असं मी कधी विचारतच नाही, कारण या टप्प्याला ते गणितातून येत नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. मी उलटं विचारतो. कुठपर्यंत पोचायचंय, तिथपर्यंत किती महिने लागतील, त्याला पैसे किती लागतील. समजा ५० लाख निघाले. मग यावेळी किती हिस्सा सोडायची तयारी आहे ते बघायचं. पुढे अजून दोन-तीन वेळा पैसे लागणार आणि दरवेळी हिस्सा जाणार, म्हणून आत्ता १० सोडायचे का १५ का २० ते ठरवायचं. १० सोडले तर ५ कोटी, २० सोडले तर अडीच कोटी. भाव हा त्या दोन आकड्यांतून बाहेर पडतो.

मग प्रपोजलमध्ये भावाचं समर्थन काय करायचं? आज हातात काय आहे तेवढंच लिहायचं. ३१ लोकांनी पैसे मोजले ही तुझी खरी गोष्ट, ती पानाच्या तळाला लिहिली असशील आणि वर "भारतातील कांदा बाजारपेठ अमुक हजार कोटी". बरोबर?

चाळवाला
काका तुम्ही माझं पान बघितलंय का 😐 तसंच आहे.

अंबडकर
सगळ्यांचं तसंच असतं.

सातपूर_आयटीआय
मी टीव्हीवरच्या त्या कार्यक्रमात बघितलंय, आधी जास्त सांगायचं म्हणजे ते खाली आणतात. १० कोटी सांगा, ५ वर सेटल करा.

अंबडकर
भाजी बाजारात चालतं ते. इथे दोन तोटे. एक, दहा ऐकून माणूस घासाघीस करतच नाही, फोनच उचलत नाही. दोन, समज एखाद्याने दहा दिलेच, तर पुढच्या वेळी पैसे मागताना कंपनी दहाच्या वर गेली पाहिजे. शे-दोनशे यंत्रांच्या भाड्यावर दहाच्या वरची कंपनी दाखवशील कशी? मग भाव उतरवून पैसे घ्यावे लागतात, आणि करारात बहुतेक वेळा कलम असतं की भाव उतरला तर जुन्या गुंतवणूकदाराला भरपाई म्हणून जादा शेअर. ते कुणाच्या वाट्यातून जातात ते सांगायला नको.

स्वप्नजा_कॉलेजरोड
माझा अनुभव लिहिते, कारण आम्ही इथेच पडलो. आमचं फूड प्रोसेसिंगचं आहे. आम्हीही "५० लाखाला १०%, प्री साडेचार" असंच ठरवलं होतं, हात मिळवले, पेढे वाटले. मग टर्म शीट आली, म्हणजे कराराआधीचा अटींचा कागद, त्यात एक ओळ होती की नोकरदारांसाठी १०% शेअरचा पूल, म्हणजे राखीव साठा, ठेवायचा आणि तो गुंतवणुकीच्या आधी तयार झालेला धरायचा. आम्हाला वाटलं चांगलंच आहे, पोरांना शेअर मिळतील. सही केली. नंतर सीएने हिशोब घालून दाखवला तेव्हा माझा नवरा दोन दिवस जेवला नाही.

चाळवाला
म्हणजे नेमकं काय झालं ताई? पूल तर कंपनीतच राहतो ना?

टिळकवाडीची_सीए
मी तुमच्याच आकड्यांवर करून दाखवते. गुंतवणूकदाराला शेवटी १०% हवेत, पूल शेवटी १०% हवा. म्हणजे तुमचे जुने १०,००० शेअर आता ८०% व्हायला हवेत. एकूण १२,५००. त्यात गुंतवणूकदाराचे १,२५० आणि पुलाचे १,२५०. तो देणार ५० लाखच, म्हणजे शेअरचा भाव झाला ४,०००.

आता तुमच्या १०,००० शेअरना ४,००० ने गुणा. ४ कोटी. कागदावर प्री मनी साडेचारच लिहिलंय, कारण त्यात रिकामा पूलही मोजलाय. पण तुम्हा तिघांच्या हातातल्या कंपनीचा भाव ५० लाखांनी खाली आला. तुम्ही ४५ वर नाही तर ४० वर, पार्टनर २४, मामा १६. गुंतवणूकदार पुलाआधीही १० आणि नंतरही १०, त्याला ओरखडा नाही.

यात फसवणूक काही नाही, सगळीकडे असंच मागतात. म्हणून व्हॅल्युएशनच्या आकड्यासोबत पूल किती आणि तो आधी धरलाय का नंतर, हे तुम्हीच प्रपोजलमध्ये लिहून टाका. आणि १०% च का? पुढच्या दीड वर्षात शेअर देऊन कुणाला घेणार आहात ते मोजा. एक इंजिनिअर असेल तर ४-५ टक्के पुरतात, बाकीचा पूल पुढच्या गुंतवणुकीच्या वेळी काढता येतो.

मिसळ_विथ_दही
म्हणजे मिसळीचा भाव तोच, पण रस्सा आधीच पाहुण्याने ओतून घेतला

स्वप्नजा_कॉलेजरोड
अगदी. आणि पाव आम्ही आणायचे.

गोदाकाठचा
पण ॲन्जल टॅक्स? माझ्या मेव्हण्याला नोटीस आली होती, शेअर जास्त भावाने विकले म्हणून फरकावर टॅक्स. ४,५०० चा शेअर दाखवलात तर इन्कम टॅक्सवाले धरतील, म्हणून भाव कमीच ठेवा.

टिळकवाडीची_सीए
मेव्हण्यांचं प्रकरण जुनं असणार. ते कलम २०२४ च्या जुलैच्या बजेटमध्ये काढून टाकलं. त्या भीतीने भाव पाडायची गरज आता नाही. पण म्हणून कागद सुटत नाही, कंपनी कायद्याखाली बाहेरच्या माणसाला शेअर देताना नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट लागतोच. तो रिपोर्ट वेगळा आणि घासाघिशीतला भाव वेगळा. रिपोर्ट बहुतेक वेळा भाव ठरल्यावर बनतो. त्यातला पाच वर्षांचा अंदाज मात्र तुम्ही दिलेला असतो, तो प्रपोजलमधल्या आकड्यांशी जुळू द्या. एका क्लायंटने प्रपोजलला एक अंदाज आणि व्हॅल्युअरला दुसराच दिला होता, तपासणीत ते पुढे आलं आणि बोलणी महिनाभर रखडली.

चाळवाला
हे लक्षात आलं. आता पैशाच्या वापराचं सांगा. गोल चार्टमध्ये चुकलं काय? टक्के तर बरोबर शंभर होत होते.

अंबडकर
शंभर होतात म्हणूनच तर राग येतो. ४०% मार्केटिंग म्हणजे २० लाख. निफाड-लासलगावच्या शेतकऱ्याला तू २० लाखांचं मार्केटिंग काय करणार, टीव्हीवर जाहिरात? तुझी ३१ भाड्याची यंत्रं कशी गेली ते सांग.

चाळवाला
खरं सांगू का, चाळीत जाऊन बसलो म्हणून गेली. पहिली पाच ओळखीत, मग एका चाळीत मधला कप्पा तापायला लागला, मेसेज गेला, त्यांनी उपसला तर खालून पाणी सुटलेलं. कांदे हातात घेतले की सालीतून घसरत होते. शेजारच्या चार जणांनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केले.

अंबडकर
मग तुझं मार्केटिंग म्हणजे मोटरसायकलवरची दोन पोरं आणि पेट्रोल. तसंच लिही. पैशाचा वापर महिन्यांत आणि माणसांत लिहायचा. कोण, कधीपासून, किती पगारावर, आणि त्याने काय होणार.

चाळवाला
रात्री बसून काढलं, बघा. १८ महिने धरलेत.
फील्डची दोन पोरं ४४ हजार, एक इंजिनिअर ५५ हजार, आम्ही दोघं प्रत्येकी ३५ हजार, महिन्याला १ लाख ६९ हजार, अठरा महिन्यांचे ३० लाख ४२ हजार. २०० यंत्रं ३,८०० ने, ७ लाख ६० हजार. खोक्याचा मोल्ड साडेतीन लाख, कोटेशन आहे. सिमचा डेटा, सर्व्हर, पेट्रोल महिना १५ हजार, २ लाख ७० हजार. वकील, व्हॅल्युअर, सीए दीड लाख. एकूण ४५ लाख ७२ हजार. उरले ४ लाख २८ हजार, ते अडीअडचणीला.
भाड्याचं उत्पन्न यात मुद्दाम धरलेलं नाही.

पंचवटी_एक्सप्रेस
मालकांचा पगार गुंतवणूकदाराच्या पैशातून? आमच्या वेळी मालक पहिली तीन वर्षं घरून डबा आणायचा. ३५-३५ हजार बघूनच माणूस उठून जाईल.

स्वप्नजा_कॉलेजरोड
अजिबात नाही. आम्ही शून्य लिहिलं होतं तर त्यांनी विचारलं, मग घर कसं चालतं? सातव्या महिन्यात नवऱ्याने बाहेर कन्सल्टिंग धरलं, कंपनीकडे लक्ष कमी झालं, तेव्हा तेच म्हणाले की पगार आधीच लिहायला हवा होता.

पंचवटी_एक्सप्रेस
आमचं मत तेच राहील.

अंबडकर
३५ मला चालतात, ७५ लिहिले असते तर बोललो असतो. माझा प्रश्न वेगळा. मोल्ड कधी टाकणार?

चाळवाला
पैसे आले की लगेच.

अंबडकर
आणि पैसे कधी येणार? आत्ता दिवाळी संपलीय. समज डिसेंबरात तो हो म्हणाला. सीए मॅडम, हो पासून पैसे वापरता येईपर्यंत किती धरायचं?

टिळकवाडीची_सीए
दोन-तीन महिने. कागदपत्रांची तपासणी, करार, व्हॅल्युअरचा रिपोर्ट, सभेचा ठराव. आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यावे लागतात, शेअर वाटप करून त्याचा पीएएस-३ फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. ६० दिवसांत वाटप झालं नाही तर पैसे परत करायची वेळ येते. खात्यात दिसले म्हणून दुसऱ्या दिवशी चेक फाडणारे बघितलेत मी.

अंबडकर
म्हणजे मार्च उजाडला. मोल्डला माझ्याकडे आठ आठवडे लागतात, ट्रायलला खोकं वाकडं आलं की अजून दोन. म्हणजे मे अखेर. उन्हाळ कांदा चाळीत कधी जातो?

चाळवाला
एप्रिल-मे. 😶

अंबडकर
म्हणजे तुझी नवी खोकी येतील तेव्हा चाळी भरून बंद झालेल्या. दांडा भरताना आतच ठेवावा लागतो ना? मग ५० लाख घेऊन तू दहा महिने पुढच्या कांद्याची वाट बघणार आणि पगार चालू. कागदावर १८ महिने, हातात सीझन एकच, तोही शेवटी आणि अर्धवट. हे तुझ्या कोष्टकात कुठेच दिसत नाही, कारण तू पैसे मोजलेस पण कांद्याचा महिना धरला नाहीस.

मिसळ_विथ_दही
काकांनी पूर्ण चाळच उपसली

द्राक्षबाग_पिंपळगाव
मार्चला १०० यंत्रं जुन्याच खोक्यात बसवा ना दादा. शेतकऱ्याला खोकं कसलं आहे त्याच्याशी काय घेणं. आमच्या बागेत हवामानाचं यंत्र आहे ते इलेक्ट्रिकच्या खोक्यातच आहे, भोकं पाडलेली.

चाळवाला
हे मस्त आहे भाऊ. मागच्या वर्षीची ४० पण तयार खोक्यांतच होती, हाताने भोकं पाडून. म्हणजे पहिल्या सीझनला नवी १०० तशीच, सुटे भाग आमच्या स्वतःच्या पैशातून आत्ताच मागवायचे. मोल्ड पावसाळ्यात निवांत, पुढच्या एप्रिलला नव्या खोक्यातली १००. मार्चपासून १८ महिने म्हणजे पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत. एक पूर्ण सीझन आणि दुसऱ्याचा अर्ध्याच्या वर.

अंबडकर
आणि दुसऱ्या एप्रिलला तुला एक आकडा मिळेल ज्याच्यावर पुढचा गुंतवणूकदार बोलेल. पहिल्या वर्षीच्या १०० पैकी किती जणांनी परत पैसे मोजले. ३,८०० चं यंत्र, सीझनचं भाडं ३,०००, म्हणजे दुसऱ्या सीझनशिवाय ते यंत्र सुटतच नाही. तुझ्या ५० लाखांचं काम तेवढं एक, तो आकडा काढणं. पानाच्या वरच्या भागात ते लिही.

लासलगाव_रिटर्न
मध्येच विचारतो, मामाचं काय झालं? सीए मॅडम म्हणाल्या होत्या नंतर येते.

टिळकवाडीची_सीए
हो, राहिलंच. चाळवाला, मामांना या ५० लाखांतून परत द्यायचा विचार असेल तर सोडा. गुंतवणूकदाराचा पैसा पुढच्या कामाला असतो, जुनी देणी भागवायला लिहिला की तिथेच बोलणं थांबतं. मामा स्वतः काही शेअर तुम्हाला दोघांना देऊ शकतात, भेट म्हणून किंवा विकत, त्याचा टॅक्स वेगळा बघावा लागेल. पण ते त्यांनी मनाने केलं तर.

चाळवाला
मामाशी बोललो. म्हणाला, "तुला बँकेने दारात उभं केलं नव्हतं तेव्हा मी दिले." पुढे माझ्याच्याने बोलवलं नाही.

लासलगाव_रिटर्न
मामाचंही खरं आहे राव. ५ लाखाला २०% म्हणजे तेव्हा कंपनी २५ लाखांची धरली, तेव्हा तर यंत्रही नव्हतं. जोखीम त्यानेच घेतली.

हिशोबी_माणूस
आज त्याचे १६% धरले तरी २,००० गुणिले ४,०००, ८० लाख. मामा बरोबर आहे, मला असा भाचा पाहिजे.

टिळकवाडीची_सीए
कागदावरचे ८० लाख. घेणारा मिळेपर्यंत त्याचा चहाही येत नाही.

स्वप्नजा_कॉलेजरोड
मी म्हणते मामांचं लपवू नका, कोष्टकात नाव आणि एक ओळ लिहा की पहिले पैसे यांनी दिले, रोजच्या कामात नाहीत. आम्हाला असंच एकाचं विचारलं होतं, सरळ सांगितल्यावर पुढे गेले.

गोदाकाठचा
माझं अजून एक मत, व्हॅल्युएशन लिहूच नये. ५० लाख हवेत आणि त्यात काय करणार एवढंच लिहावं, भाव समोरच्याला बोलू द्यावा. मेव्हण्याने तेच केलं.

अंबडकर
मोठ्या फंडाकडे जाताना तसं करतात, तिथे दोन-चार जण बोली लावणारे असतात. इथे समोर एकटा माणूस आहे, तो भाव बोलला तर तुझ्या बाजूने वर न्यायला कोणी नाही. मी तरी आकडा लिहीन.

गोदाकाठचा
आणि तो सहा द्यायला तयार असला तर?

अंबडकर
मग आपलं नशीब. 🙂

चाळवाला (बारा दिवसांनी)
मंडळी, काल परत भेटलो. नवं पान असं होतं: वरती ४० यंत्रं, ३१ पैसे देणारे, मधल्या कप्प्याची गोष्ट दोन ओळींत. मग "५० लाख, प्री मनी साडेचार कोटी, पोस्ट मनी ५ कोटी, १०%. नोकरदारांचा पूल ५%, प्री मनीत धरलेला". खाली आधीचं-नंतरचं कोष्टक, मामासकट. मागच्या पानावर महिन्यांची पट्टी, तिच्यावर चाळ भरायचे आणि रिकामी व्हायचे महिने रंगवलेले, खर्च त्याखाली.

प्री-पोस्टवर एक शब्द नाही. पुलावर म्हणाले १० करा, मी इंजिनिअर एकच घेतोय ते दाखवलं, म्हणाले बघू. मामावर थांबले, हसले, म्हणाले माझ्या पहिल्या कंपनीत काका होते.

मग महिन्यांच्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "ऑगस्टमध्ये कांद्याचा भाव चढला आणि सगळ्यांनी चाळी रिकाम्या केल्या तर तुमचं भाडं किती महिन्यांचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिना ५०० लावतो, माल गेला की शेतकरी यंत्र काढून ठेवतो. सहा महिन्यांचे ३,००० धरलेत ते चारच महिन्यांचे २,००० होतात. म्हणजे काकांच्या हिशोबाने दुसऱ्या सीझनलाही जेमतेमच सुटतं.

द्राक्षबाग_पिंपळगाव
सीझनचे एकदम घ्या, चाळ भरतानाच. आम्ही औषधाचे पण हंगामावरच देतो. फक्त एप्रिलमध्ये नका मागू, माल चाळीत आणि खिशात काही नसतं तेव्हा. अर्धे आधी, अर्धे माल विकल्यावर.

चाळवाला
विकल्यावर देतील का भाऊ?

द्राक्षबाग_पिंपळगाव
भाव चढला तर देतील. पडला तर तुम्ही माझ्या बागेत येऊन बसा, द्राक्षं खा.

टिळकवाडीची_सीए
अर्धे-अर्धे करणार असाल तर व्हॅल्युअरला जो अंदाज द्याल त्यात दुसऱ्या अर्ध्याची बुडीत धरा. आणि पानावरही तोच आकडा ठेवा. पुढची भेट कधी आहे?

चाळवाला
सोमवारी. यावेळी त्यांनी निफाडला चाळ बघायला यायचं म्हटलंय. मामाच्याच चाळीत नेतोय, बाकी सगळ्यांच्या आत्ता रिकाम्या झाल्यात.